रिपोर्ट 'नॉर्मल' होता, तरीही...

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी साडेसहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. मी शाळेत निघण्याच्या तयारीत होते. ती म्हणाली, "आपा, याला कावीळ झालीय बहुतेक. डोळे पिवळे दिसतायत. आणि लघवी बघितली तर कोऱ्या चहासारखी. सासूबाई म्हणतायत, कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन जाऊ."

माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता, वजन वीस किलो. बहीण मुंबईजवळ राहते. आठवड्यापूर्वी त्याला थंडी वाजून ताप आला होता आणि रक्त तपासल्यावर व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला होता. त्यात काही नवल नाही, पावसाळ्यात त्या भागात प्रत्येक इमारतीत एखादा रुग्ण असतोच. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या आणि सोबत चौदा दिवस घ्यायची आणखी एक गोळी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी लघवीचा रंग बदलला.

मी तिला एकच प्रश्न विचारला, "हाताचे तळवे बघ. पिवळे आहेत की पांढरे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पांढरे. कागदासारखे."

तेव्हा मला या आजाराचे नावही ठाऊक नव्हते. पण आमच्या शाळेत रक्तक्षयाची तपासणी होते तेव्हा डॉक्टर मुलांचे तळवे आणि डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघतात, एवढे माहीत होते. नुसत्या काविळीत मूल पिवळे दिसते. ते पिवळे आणि पांढरे एकाच वेळी दिसू लागले, तर शरीरातले रक्तच कमी होत आहे. मी म्हटले, "उतरवणाऱ्याकडे नाही, सरळ दवाखान्यात जा. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत ने."

त्या पिशवीमुळेच पुढचे सगळे सुरळीत झाले. मुलांच्या डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळीची पट्टी उलटून नाव वाचले, प्रायमाक्विन, आणि ती गोळी तिथल्या तिथे बंद केली. मलेरियाच्या वेळी भाच्याचे हिमोग्लोबिन ११ होते, ते त्या दिवशी ७.१ भरले. लघवीच्या तपासणीत पट्टीवर रक्त असल्याची खूण आली, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या नाहीत. म्हणजे मूत्रपिंडातून रक्त वाहत नव्हते. तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटत होत्या आणि त्यांच्यातला लाल रंग लघवीवाटे बाहेर पडत होता. चार दिवस सलाईन चालले, रोज हिमोग्लोबिन मोजले. रक्त द्यावे लागेल की काय, अशी दोन दिवस टांगती तलवार होती, पण वेळ आली नाही. चौथ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. घरी सोडण्याआधी एका तपासणीसाठी रक्त घेतले. तिचे नाव जी-सिक्स-पीडी.

आठवड्याने रिपोर्ट आला, नॉर्मल. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि रिपोर्ट कपाटात गेला.

पेशीचे चिलखत

ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे लांबलचक नाव एका प्रथिनाचे आहे. शरीरातली कामे घडवून आणणारी अशी प्रथिने असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात, मराठी पुस्तकांत विकर. तांबड्या पेशी शरीरभर प्राणवायू वाहून नेतात. प्राणवायूशी सतत गाठ असलेल्या लोखंडाला जसा गंज चढतो, तशी या पेशींनाही इजा होत असते. ती इजा भरून काढणारा एक साठा पेशीत असतो आणि तो पुन्हा पुन्हा भरण्याचे काम हे एन्झाइम करते. इतर पेशींकडे या कामासाठी दुसरेही मार्ग असतात. तांबड्या पेशीकडे हा एकच आहे.

ज्या मुलात हे एन्झाइम कमी असते ते एरवी अगदी धडधाकट असते. खेळते, वाढते, परीक्षा देते. पण काही विशिष्ट औषधे किंवा पदार्थ शरीरात गेले की पेशींवरचा मारा अचानक वाढतो. साठा संपतो, भरून येत नाही आणि पेशी फुटू लागतात. साधारणपणे एक ते तीन दिवसांत लघवी काळसर-लाल होते, चेहरा पांढरा पडतो, डोळे पिवळे होतात, मूल थकून पडते, कधी पोटात किंवा कमरेत दुखते.

हे कोडे सुटले तेही प्रायमाक्विनमुळेच. मलेरियाची ही गोळी घेतल्यावर काही माणसांचेच रक्त का फुटते, याचा शोध अमेरिकेत चालला होता आणि १९५६ साली त्यांच्या तांबड्या पेशींत हे एन्झाइम कमी असल्याचे सापडले. जगात सुमारे चाळीस कोटी लोकांत ही कमतरता आहे असे मानले जाते. जिथे जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे ती जास्त आढळते. आपल्या देशात आढळणाऱ्या तिच्या एका प्रकाराच्या नावात तर आपले कल्याण शहर आहे, 'केरळ-कल्याण'. तेव्हा ही कुठल्या दूरच्या मुलखातली गोष्ट नव्हे.

नॉर्मल रिपोर्टचे गौडबंगाल

ऑक्टोबरच्या सुट्टीत मी बहिणीकडे गेले. शाळेच्या अर्जासाठी तिला भाच्याची फाईल हवी होती. कागद लावता लावता दवाखान्यातून सुटल्याचे कार्ड माझ्या हाती आले. अगदी खाली, शिक्क्याच्या बाजूला, डॉक्टरांच्या हस्ताक्षरात एक ओळ होती. तीन महिन्यांनी जी-सिक्स-पीडी पुन्हा करा.

मेहुणे म्हणाले, "नॉर्मल आलाय ना आपा, पुन्हा कशाला टोचायचं पोराला?" खरे तर माझ्याही मनात तोच प्रश्न होता. म्हणून आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जे समजावून सांगितले ते मी माझ्या वर्गातल्या भाषेत सांगते.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. नव्या पेशीत हे एन्झाइम त्यातल्या त्यात जास्त असते आणि पेशी म्हातारी होते तसे ते घटत जाते. झटका येतो तेव्हा आधी म्हाताऱ्या, दुबळ्या पेशी फुटतात. मागे उरतात त्या तरुण पेशी. शिवाय हाडांच्या आतला मगज घाईघाईने अगदी ताज्या पेशी रक्तात सोडू लागतो. अशा वेळी रक्त तपासले तर एन्झाइम पुरेसे दिसू शकते. समजा, वर्गातली अभ्यासात मागे असलेली सगळी मुले तापाने घरी आहेत आणि नेमकी त्याच दिवशी चाचणी घेतली. वर्गाचा निकाल छान लागणार. पण तो निकाल त्या वर्गाचा नव्हे.

म्हणून झटक्याच्या दिवसांत रिपोर्टमध्ये कमतरता आली तर ती खरी मानायची. पण नॉर्मल आला तर त्यावर विसंबायचे नाही. सुमारे तीन महिन्यांनी, जुन्या-नव्या पेशींचे प्रमाण पहिल्यासारखे झाल्यावर पुन्हा तपासायचे. मुलाला मध्येच रक्त चढवले असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगायचे, कारण मग तपासणीत दुसऱ्याच माणसाच्या पेशी मोजल्या जातात.

तपासणी दोन प्रकारची असते. पहिलीत रक्ताचा ठिपका विशिष्ट रसायनात मिसळून जंबुपार प्रकाशाखाली बघतात. एन्झाइम असेल तर ठिपका चमकतो, नसेल तर चमकत नाही. दुसरीत एन्झाइमचे प्रमाण आकड्यात मोजतात. भाच्याची नोव्हेंबरमध्ये दुसरी तपासणी झाली. आकडा नॉर्मलच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता.

मामूंचा जुना किस्सा

रिपोर्ट कळला तेव्हा बहीण सात महिन्यांची गरोदर होती. घरात आधी शांतता झाली, मग कुजबूज. तिच्या सासूबाई वाईट बाई नाहीत, पण त्या बोलून गेल्या, "आमच्या खानदानात असलं काही नव्हतं."

ही कमतरता आईकडून मुलाकडे येते, हे खरे आहे. तिची सूचना एक्स गुणसूत्रावर असते. मुलाकडे एकच एक्स असतो आणि तो आईकडून येतो. आईकडे दोन असतात. त्यांतला एक सदोष असला तरी दुसरा बरेचसे सांभाळून घेतो, म्हणून तिला स्वतःला बहुधा काही जाणवत नाही. अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला ही कमतरता असण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी तिच्यासारखीच वाहक असण्याची शक्यताही निम्मी. यात आईची काही चूक नाही, जशी डोळ्यांच्या रंगात नसते.

आता आमच्या खानदानातली गोष्ट. आमचा मोठा भाऊ, म्हणजे भाच्याचे मामू, तरुणपणी कुवेतला नोकरीला होते. तिथे इजिप्तचे सोबती रोज सकाळी रोटीबरोबर 'फूल' खायचे. फूल म्हणजे तिकडचा मोठा, चपटा, तपकिरी दाणा, शिजवून, ठेचून, वरून तेल-लिंबू घातलेला. मामूंनीही खाल्ले. दोन दिवसांनी लाल लघवी, पिवळे डोळे आणि दवाखान्यात भरती. 'कावीळ झाली होती' एवढेच आम्हाला पत्रातून कळले होते. नोव्हेंबरमध्ये मी फोन करून त्यांना तपासणी करायला लावली. त्यांनाही कमतरता निघाली. म्हणजे आमची अम्मी वाहक होती. तिच्याकडून एक धागा भावाकडे गेला, एक धाकटीकडे. माझ्याकडे आलाय की नाही ते ठाऊक नाही. माझ्या मुलाचा रिपोर्ट नॉर्मल आला, पण त्यावरून मी वाहक नाही असे ठरत नाही. त्याला माझा दुसरा, चांगला एक्स मिळालेला असू शकतो.

मामूंनी विचारले, "मग माझी मुलं?" त्यांच्या मुलांना वडिलांकडून एक्स मिळतच नाही, त्यामुळे ही कमतरता वडिलांकडून मुलग्याकडे जात नाही. पण त्यांच्या दोन्ही मुली नक्की वाहक आहेत. 'मुलींना हा आजार होतच नाही' असे लोक म्हणतात, तेही पूर्ण बरोबर नाही. वडिलांना कमतरता आणि आई वाहक असेल, तर मुलीचे दोन्ही एक्स सदोष असू शकतात. नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत असे जुळून येण्याची शक्यता वाढते. शिवाय एखाद्या वाहक मुलीतही सदोष पेशींचे प्रमाण जास्त निघू शकते, आणि अशी वाहक ठिपक्याच्या तपासणीत निसटते. म्हणून मुलीची तपासणी आकड्याचीच मागावी.

कोणती औषधे टाळायची

आमच्यासमोर खरा प्रश्न पुढचाच होता. बहिणीने ओळखीतून चार वेगवेगळ्या याद्या जमवल्या. एकीत दोनशेच्या वर नावे. क्रोसिनची गोळीसुद्धा वर्ज्य. परिणाम असा की भाच्याला एकदा १०२ ताप आला तेव्हा घाबरून तिने काहीच दिले नाही, रात्रभर ओल्या फडक्याने पुसत बसली.

डॉक्टरांनी त्या याद्या बाजूला ठेवल्या आणि एक कागद घेतला. त्यावर आधी ती औषधे लिहिली जी अशा मुलाला, देखरेख नसताना, द्यायचीच नाहीत. मलेरियाचे प्रायमाक्विन आणि त्याच जातीचे टॅफेनोक्विन. कुष्ठरोगावर आणि काही त्वचारोगांवर दिले जाणारे डॅप्सोन. लघवीच्या जंतुसंसर्गावरचे नायट्रोफ्युरँटॉइन आणि लघवीची जळजळ थांबवणारे, लघवी केशरी करणारे फेनाझोपायरिडीन. हे शेवटचे विशेष लक्षात ठेवावे, कारण ते दुकानातून सहज मागून घेतले जाते, आणि त्याने लघवी केशरी झाली की खरा लाल रंग लपून जातो. मग दवाखान्यातली दोन, मिथिलीन ब्लू आणि रासब्युरिकेज. ही आपण घरी देत नाही, पण भरती करताना मुलाची कमतरता सांगितली नाही तर दिली जाऊ शकतात.

दुसऱ्या रकान्यात 'विचारून' असे लिहिले. त्यात सल्फा जातीची औषधे आली, उदाहरणार्थ जुलाबावर किंवा कानदुखीवर मिळणारे कोट्रायमॉक्साझोल. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविकेही आली. ती सगळ्यांनाच त्रास देतात असे नाही, पण पर्याय असताना धोका का घ्यायचा? ॲस्पिरिन तर कोणत्याही लहान मुलाला तापात देऊ नये, कमतरता असो वा नसो.

तिसऱ्या रकान्याने बहिणीचा जीव भांड्यात पडला. वजनाच्या हिशोबाने दिलेले पॅरासिटामॉल चालते. ॲमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन चालते. जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी चालते. बालपणाच्या सगळ्या लसी चालतात, आणि त्या चुकवायच्या नाहीत. लिंबू, पेरू, आवळा हे खाण्यातले क जीवनसत्त्व बिनधास्त द्यावे. शिरेतून मोठ्या मात्रेत देतात ते मात्र टाळावे.

औषधाच्या डब्यावरचे मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीचे असते. एकच औषध दहा नावांनी विकले जाते. म्हणून खालची बारीक अक्षरे, म्हणजे औषधातला घटक वाचायचा. ज्या काढ्यात, भुकटीत किंवा पुडीत काय आहे हे देणाराही सांगू शकत नाही, ती या मुलाला द्यायची नाही.

आणि औषधांइतकेच महत्त्वाचे म्हणजे तापाचे आजार. औषध न घेताही न्यूमोनिया, टायफॉइड, काविळीचे विषाणू यांनी पेशी फुटू शकतात. म्हणून भाच्याला ताप आला की बहीण तीन-चार दिवस त्याला पांढऱ्या डब्यात लघवी करायला लावते. रंग उजेडात बघते. शंका आली तर डबा घेऊनच दवाखान्यात जाते.

पुन्हा मलेरिया

डिसेंबरमध्ये मलेरिया पुन्हा आला. नवा डास चावला असेलच असे नाही. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी जागे होतात. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते, यकृतात झोपलेले मारत नाही. त्यांना मारण्यासाठीच चौदा दिवसांचे प्रायमाक्विन असते, आणि आमचे ते तिसऱ्या दिवशी बंद झाले होते.

बहीण रडवेली झाली. "म्हणजे हा दर चार महिन्यांनी तापत राहणार?" तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा रुग्णांसाठी वेगळी पद्धत सांगितली आहे. रोजच्या छोट्या मात्रेऐवजी आठवड्यातून एकदा, किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, असे आठ आठवडे. वीस किलोच्या मुलाला एका वेळी १५ मिलिग्रॅम. एका मात्रेत थोड्या म्हाताऱ्या पेशी फुटतात आणि मधल्या सहा दिवसांत नव्या तयार होतात, हा त्यामागचा विचार. पण हे घरी करायचे काम नाही. भाच्याचे हिमोग्लोबिन आधी पुरेसे वर आहे ना ते पाहिले, पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांनी पुन्हा मोजले आणि पुढेही मोजत राहिले. ज्याच्यात एन्झाइम फारच कमी असते त्याचे डॉक्टर ही पद्धत नको असेही ठरवू शकतात. आमचे आठ आठवडे पार पडले. हिमोग्लोबिन एकदा १०.९ वरून ९.८ पर्यंत उतरले आणि पुन्हा चढले.

नवे बाळ, जुनी गोधडी

जानेवारीत बहिणीला दुसरा मुलगा झाला. नाळेच्या रक्तातूनच तपासणी केली. यालाही कमतरता.

अशा बाळाला पहिला धोका काविळीचा असतो. नवजात बाळांना कावीळ होतेच, पण या बाळांत ती लवकर आणि वेगाने चढू शकते. फार चढली तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी जाण्याची घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी काविळीचा आकडा वाढला, बाळाला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवले आणि उतार पडला. घरी कोवळ्या उन्हात धरून हे भागत नाही. बाळ पहिल्याच दिवशी पिवळे दिसले, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

बाळ घरी येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिथेच होते. सासूबाईंनी पेटीतून एक सुंदर गोधडी काढली. भाच्यासाठी त्यांनी स्वतः शिवलेली. घडी उलगडताच डांबर गोळ्यांचा वास खोलीभर पसरला.

या गोळ्या नॅप्थलिनच्या असतात, आणि नॅप्थलिन हे या बाळांच्या तांबड्या पेशी फोडणारे द्रव्य आहे. गोळी तोंडात घातली तरच बाधते असे नाही. त्या कपड्यांचा वास श्वासातून जातो, आणि कातडीतूनही ते आत शिरते. तेलात ते चांगले विरघळते, त्यामुळे तेलमालिश केलेल्या बाळाला अशा गोधडीत गुंडाळले तर ते आणखी सहज आत जाते. भाचा बाळ असताना त्याला याच गोधडीत ठेवले होते. तेव्हा त्याची कावीळ बरीच दिवस रेंगाळली होती, ते सासूबाईंना आठवले. त्या गोधडी हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

मी म्हटले, "अम्मा, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण ही धुऊन आठवडाभर उन्हात टाकू, वास गेल्यावरसुद्धा मोठ्यांनी वापरू. बाळाला नवं दुपटं." त्यांनी स्वतः घरातल्या सगळ्या पेट्या रिकाम्या केल्या. आता त्यात कडुनिंबाचा सुकलेला पाला असतो.

दुसरी गोष्ट मेहंदीची. आमच्याकडे काही घरांत अकिक्याच्या दिवशी बाळाच्या तळहातांना, तळपायांना मेहंदी लावतात, आणि ईदच्या चांदरात्री लहान मुलांना तर लावतातच. मेहंदीला रंग देणारे द्रव्य आणि डांबर गोळीचे शरीरात गेल्यावर जे रूप होते, ती रसायनशास्त्रात एकाच घराण्यातली. कमतरता असलेल्या बाळांना आणि लहान मुलांना मेहंदी लावल्यावर गंभीर रक्तक्षय झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहे. बाळाची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्र मोठे असते. मेहंदीत काही वाईट आहे म्हणून नव्हे, या मुलांना सोसत नाही म्हणून ती लावायची नाही. चांदरात्री भाच्याने हट्ट केला तेव्हा त्याच्या दादीनेच त्याच्या मनगटाला मोगऱ्याचा गजरा बांधला.

तिसरी गोष्ट फूलची. आखाती देशांतून येणाऱ्या सामानात त्याचे डबे असतात, आणि इजिप्तच्या पद्धतीचे फलाफलही त्याच दाण्याचे करतात. हिंदीत या दाण्याला बाकला म्हणतात. आपला वाल किंवा पावटा म्हणजे तो नव्हे, त्या वेगळ्या शेंगा आहेत, तूर, मूग, चणाही वेगळे. ते मुलांच्या ताटातून काढून टाकू नका. फूल मात्र या मुलांनी कोणत्याच रूपात खाऊ नये, आणि अशा बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईनेही खाऊ नये. तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर सांगितलेल्या टाळायच्या गोळ्याही घेऊ नयेत, कारण दुधातून त्या बाळाकडे जातात.

आता दोन्ही मुलांच्या दप्तरात आणि फाईलीत एक कार्ड असते. एका बाजूला नाव, रक्तगट, 'जी-सिक्स-पीडी कमतरता' आणि तो आकडा. दुसऱ्या बाजूला टाळायच्या सात औषधांची नावे. धाकट्याचे कार्ड सध्या बाळाच्या पिशवीत आहे. भाच्याच्या वर्गशिक्षिकेने त्याची एक प्रत हजेरीपटात ठेवली आहे. मी माझ्या वर्गातल्या पालकांना वर्षाच्या सुरुवातीला आता एक प्रश्न जास्त विचारते, तुमच्या मुलाला कोणते औषध चालत नाही? मागच्या जूनमध्ये एका आईने उत्तर दिले, "तसं काही नाही बाई, फक्त लहानपणी मलेरियाच्या गोळीनं लघवी लाल झाली होती. तपासलं होतं, रिपोर्ट नॉर्मल आला."

मी तिला विचारले, "तो रिपोर्ट केव्हा काढला होता?"